नेट सारखं जातंय? कंपनीला पाठवायची ई-मेल आणि त्याआधीची सहा दिवसांची वही

गेल्या जुलैत आमच्या डोंबिवलीच्या घरातलं फायबरचं नेट दिवसातून एक-दोनदा जायचं, पाच-दहा मिनिटांनी आपलं आपण परत यायचं. मी कंपनीला लिहिलं, "नेट सारखं जातंय, कृपया लवकर बघा." दुसऱ्या दिवशी सकाळी टेक्निशियन आला, मोबाईलवर स्पीड टेस्ट लावली, १०० पैकी ९६ आले. "साहेब, चालू आहे की," म्हणाला आणि पायऱ्या उतरायच्या आत मला तक्रार बंद झाल्याचा मेसेज आला. असं तीनदा झालं.

त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. सकाळी दहाला आलेल्या माणसाला दुपारी पावणेचारचा बिघाड दिसणार कसा? पूर्ण बंद पडलेली लाईन दुरुस्त करणं सोपं असतं, कारण ती समोर बंद दिसते. अधूनमधून जाणारी लाईन माणूस येईपर्यंत सुतासारखी सरळ झालेली असते. म्हणून चौथ्या वेळी मी ई-मेल पाठवली ती असा विचार करून, की बिघाडाच्या वेळी जो तिथे नव्हता त्याला तो कागदावर दिसला पाहिजे. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: नेट केव्हा गेलं, तेव्हा डब्यावरचे दिवे कसे होते, आणि आपण काय काय करून पाहिलं.

आधी डब्याशी ओळख

फायबरची बारीक तार ज्या डब्यात शिरते त्याला कोणी मोडेम म्हणतं, कोणी राउटर, टेक्निशियन ओएनटी किंवा ओएनयू म्हणतो. त्यावर दिव्यांची रांग असते. सगळे पाठ करायची गरज नाही, चार पुरेत.

पॉवरचा दिवा वीज येतेय एवढंच सांगतो. PON असं छापलेला दिवा, ज्याला सगळे 'पॉन' म्हणतात, तो हिरवा आणि स्थिर असेल तर आपला डबा कंपनीच्या यंत्राशी जोडलेला आहे. लुकलुकत असेल तर जोडायचा प्रयत्न चालू आहे. LOS म्हणजे 'लॉस', हा एरवी विझलेलाच असला पाहिजे. तो लाल लुकलुकायला लागला की तारेतून येणारा प्रकाश डब्यापर्यंत पोचत नाही, किंवा इतका मंद पोचतो की डब्याला वाचता येत नाही. चौथा इंटरनेटचा दिवा. पॉन हिरवा, लॉस विझलेला आणि फक्त इंटरनेटचा दिवा गेलेला असेल, तर तार ठीक आहे, गडबड पुढे लॉगिनमध्ये किंवा कंपनीच्या जाळ्यात आहे. दिव्यांचे रंग डब्यागणिक थोडे बदलतात. म्हणून नेट नीट चालू असतानाचा एक फोटो आधीच काढून ठेवा, म्हणजे 'नेहमीपेक्षा वेगळं काय' हे सांगता येतं.

आणखी एक प्रकार ओळखून ठेवा. नेट गेलं तेव्हा सगळेच दिवे विझून एकेक करून पुन्हा लागत असतील, तर डबा रीस्टार्ट होतोय. अशा वेळी संशय अडॅप्टरवर, सैल प्लगवर किंवा लाईट जाऊन इन्व्हर्टर चालू होताना बसणाऱ्या झटक्यावर घ्यायचा, तारेवर नाही.

पॉवरचा दिवा लिहायला लोक विसरतात. तो का लिहायचा? बहुतेक ओएनटी वीज जाताना शेवटच्या क्षणी कंपनीच्या यंत्राला 'माझी वीज गेली' असा निरोप पाठवतात. तार तुटली किंवा प्रकाश गेला तर असा निरोप जात नाही. म्हणजे तुमच्या वेळा अचूक असतील तर कंपनीचा इंजिनिअर आपल्या नोंदीत बघून घरची वीज गेली होती की तार, हे खुर्चीत बसून सांगू शकतो. 'दुपारी कधीतरी' लिहिलंत तर तो काय शोधणार?

वही कशी ठेवायची

पाच-सहा दिवस पुरतात. मी फ्रिजवर कागद चिकटवला आणि घरच्यांना सांगितलं, नेट गेलं की ओरडायच्या आधी घड्याळ बघा. वेळ मोबाईलची घ्या. डब्याच्या स्वतःच्या नोंदीतली घेऊ नका, कारण रीस्टार्टनंतर नेटशी जोडला जाईपर्यंत डब्याचं घड्याळ बहुतेकदा १९७० साल दाखवत असतं.

नेट गेलं की हात आपोआप बटणाकडे जातो. तेवढा आवरा. आधी दिव्यांचा पंधरा सेकंदांचा व्हिडिओ घ्या. फोटोत दिवा लुकलुकतोय की स्थिर आहे हे कळत नाही, आणि सगळा फरक तिथेच असतो. मग दहा मिनिटं काही न करता थांबा. आपोआप परत आलं तर तसं लिहा. नाहीच आलं तर बंद-चालू करा आणि ती वेळही लिहा. 'बंद-चालू केल्यावर आलं' असं आपण सहज म्हणतो, पण पुष्कळदा ते येणारच असतं. आपण मध्ये बटण दाबून श्रेय घेतो आणि बिघाडाचा माग पुसून टाकतो.

माझ्या वहीतली पानं अशी होती:

- सोमवार १४ जुलै, दुपारी ३:४२ ते ३:४७. पॉवर हिरवा, लॉस लाल लुकलुकत, पॉन विझलेला. आपोआप आलं. बाहेर जोराचा वारा.
- सोमवार १४ जुलै, सायंकाळी ६:१० ते ६:१३. दिवे तसेच. आपोआप आलं. वारा, पाऊस नाही.
- मंगळवार १५ जुलै, सकाळी ११:०५ ते ११:२१. दिवे तसेच. ११:१५ ला रीस्टार्ट केलं, लॉस लालच. वारा आणि पाऊस.
- बुधवार १६ जुलै. एकदाही गेलं नाही. दिवसभर संततधार, वारा नाही.
- गुरुवार १७ जुलै, रात्री ९:३० ते ९:३२. पॉन हिरवा, लॉस विझलेला, फक्त इंटरनेटचा दिवा गेलेला. खालच्या मजल्यावरही बंद.
- शुक्रवार १८ जुलै, दुपारी १:५८ ते २:०९. पॉवर हिरवा, लॉस लाल, पॉन विझलेला. खालच्या मजल्यावर चालू. वारा.
- शनिवार १९ जुलै, दुपारी ४:२० ते ४:२६. दिवे तसेच. खालच्या मजल्यावर चालू. वारा.

यातली बुधवारची नोंद बघा. काही झालं नाही तो दिवसही लिहायचा असतो. मी घरात सगळ्यांना 'पाऊस आला की नेट जातं' असं छातीठोक सांगत होतो. बुधवारी दिवसभर पाऊस होता आणि नेट हललं नाही. गुन्हेगार वारा होता. आणि वाऱ्याने बिघडते ती हलणारी गोष्ट. माझा संशय गेला गच्चीवरून घरात येणाऱ्या तारेवर.

गुरुवारची दोन मिनिटं वेगळ्या जातीची आहेत. दिवे वेगळे, शेजारीही बंद. ती बाकीच्या पाचांत मिसळली असती तर कंपनीकडून 'त्या रात्री आमच्याकडे काम चालू होतं' एवढं उत्तर येऊन सगळी तक्रार त्यातच गुंडाळली गेली असती.

घरच्या घरी करायच्या चाचण्या

पहिली चाचणी शेजाऱ्यांची, फुकट आणि सगळ्यात कामाची. कंपनीकडून येणारी एक तार स्प्लिटर नावाच्या डबीत फुटून बत्तीस किंवा चौसष्ट घरांना जाते. त्याच कंपनीचं नेट असलेल्या शेजाऱ्यांकडेही त्याच क्षणी गेलं, तर बिघाड स्प्लिटरच्या पलीकडे, कंपनीच्या बाजूला. त्यांचं चालू आणि आपलं बंद, तर तो स्प्लिटरपासून आपल्या डब्यापर्यंतच्या आपल्या एकट्याच्या तारेत. खालच्या मजल्यावरच्या काकूंना मी फक्त मेसेज टाकायचो, "काकू, नेट आहे?" त्यांच्या "हो रे, मालिका चालू आहे" या उत्तराने अर्धं निदान झालं.

दुसरी चाचणी वायफाय बाजूला काढण्याची. नेट गेल्याची निम्मी तक्रार खरं तर वायफायची असते: बेडरूममध्ये रेंज नसते, मध्ये भिंत असते, आणि कंपनीचा पहिला प्रश्न तोच असतो. लॅपटॉप वायरने थेट डब्याला जोडा. विंडोज असेल तर कमांड प्रॉम्प्ट उघडून नेट गेलेलं असताना या तीन ओळी एकेक करून चालवा:

```
ping 192.168.1.1
ping 8.8.8.8
ping google.com
```

पहिली ओळ आपल्या डब्याला हाक मारते. काही डब्यांचा पत्ता वेगळा असतो, तो डब्याखालच्या स्टिकरवर मिळतो. डब्याने उत्तर दिलं म्हणजे लॅपटॉप, वायर आणि डबा ठीक. दुसरी ओळ बाहेरच्या जगाला हाक मारते. तिथे `Request timed out` किंवा `unreachable` असं आलं, तर डब्याच्या पुढे रस्ता बंद आहे. तिसरी तेव्हाच कामाची जेव्हा दुसरी चालते: आकड्याला उत्तर येतं पण नावाला नाही, म्हणजे नावाचा पत्ता शोधणारी डीएनएस सेवा अडली आहे, लाईन नाही. पडद्याचा फोटो काढा. त्यात घड्याळ दिसलं तर उत्तम.

तिसरी चाचणी प्रकाश मोजण्याची, पण ती सगळ्यांना जमेल असं नाही, कारण काही कंपन्या डब्याचं आतलं पान ग्राहकाला उघडू देत नाहीत. उघडत असेल तर ब्राउझरमध्ये डब्याचा पत्ता टाकून आत जा आणि `Rx Power` किंवा `Rx Optical Power` असं लिहिलेला आकडा शोधा. तो ऋण असतो, शून्याच्या जितका जवळ तितका प्रकाश जास्त. घरोघरी असलेल्या जीपॉन डब्यांना साधारण −८ ते −२७ च्या मधला प्रकाश चालतो. तीनाने खाली गेलं की प्रकाश निम्मा झाला असं समजा. माझा आकडा वारा नसताना −२५.८ होता आणि मंगळवारी नेट परत आल्या आल्या −२७.४. म्हणजे लाईन चांगल्या दिवशीही काठावरच उभी होती, वाऱ्याने एक धक्का दिला की पाण्यात.

हे करताना तीन गोष्टी करू नका. डब्याच्या मागे टाचणीने दाबायचं रीसेटचं छोटं भोक असतं, त्याच्या वाटेला जाऊ नका. कंपनीने भरलेलं लॉगिन आणि बाकीची सेटिंग पुसली जाऊ शकतात, मग अधूनमधून जाणारं नेट कायमचंच जातं. फायबरचं हिरवं किंवा निळं टोक उघडून त्यात डोकावू नका. आतला लेझर डोळ्याला दिसत नाही, पण इजा करू शकतो. आणि ते टोक उगाच काढघालही करू नका, धुळीचा एक कण बसला तरी प्रकाश घटतो. बाहेरून बघायचं ते एवढंच: तार कपाटामागे दबलीय का, कुठे काटकोनात मुडपलीय का, टोक पूर्ण आत बसलंय का.

आता ई-मेल

विषयाच्या ओळीत ग्राहक क्रमांक आणि बिघाड, दोन्ही हवेत. 'तक्रार' किंवा 'अर्जंट' एवढाच विषय असलेल्या शंभर मेल तिथे रोज पडत असतात. मजकूर पडद्यावर एका नजरेत मावेल एवढा ठेवा, वही खाली जोडा. मराठीत लिहायला हरकत नाही. कॉल सेंटर परराज्यात असेल तर हाच सांगाडा हिंदीत किंवा इंग्रजीत उतरवा, दिव्यांची नावं तीच राहतात. मी पाठवलेली मेल अशी होती:

> विषय: ग्राहक क्र. (इथे क्रमांक) – ६ दिवसांत ५ वेळा लॉस लाल, लाईन तपासणीची विनंती
>
> महोदय,
>
> १४ ते १९ जुलै या काळात आमचं फायबर कनेक्शन ५ वेळा, एकूण ४१ मिनिटं बंद पडलं. पाचही वेळा पॉवर हिरवा, लॉस लाल लुकलुकत आणि पॉन विझलेला होता. अचूक वेळा खाली दिल्या आहेत, कृपया आपल्याकडील अलार्मच्या नोंदीशी ताडून पाहाव्यात.
>
> शेवटच्या दोन्ही वेळी खालच्या मजल्यावरचं आपलंच कनेक्शन चालू होतं. पाचही वेळा जोराचा वारा होता. वारा नसलेल्या १६ तारखेला, पाऊस असूनही, नेट गेलं नाही.
>
> केलेल्या चाचण्या: लॅपटॉप वायरने जोडून पाहिला, डब्याकडून उत्तर येतं, 8.8.8.8 कडून येत नाही. १५ तारखेला रीस्टार्ट केलं, फरक पडला नाही. घरातली तार दबलेली किंवा मुडपलेली नाही. डब्यावरील Rx Power वारा नसताना −२५.८, १५ तारखेला नेट परत आल्यावर लगेच −२७.४.
>
> याआधीच्या तीन तक्रारी (क्रमांक खाली) टेक्निशियन आले तेव्हा नेट चालू असल्याने बंद करण्यात आल्या.
>
> विनंती: गच्चीवरील बॉक्स आणि घरातलं टोक, दोन्ही ठिकाणी पॉवर मीटरने प्रकाश मोजावा आणि मधली तार तपासावी. दुरुस्तीनंतर निदान तीन दिवस पाहून मगच तक्रार बंद करावी.
>
> १७ जुलै रात्री ९:३० ची दोन मिनिटांची घटना वेगळी वाटते (पॉन हिरवा, लॉस विझलेला), ती यात धरलेली नाही.
>
> सोबत: नोंदी, दोन व्हिडिओ, एक फोटो.
>
> (नाव, पत्ता, मोबाईल, घरी असण्याच्या वेळा)

या मेलमध्ये काय नाही तेही बघा. 'तुमची सर्व्हिस भिकार आहे' नाही, मुलाच्या ऑनलाइन क्लासचं रडगाणं नाही. राग खरा असतो, पण तो वाचणाऱ्याला जिना चढून गच्चीवर नेत नाही. आणि 'गच्चीवरची तार सैल आहे' असा निकालही मी दिला नव्हता, मनात पक्का असूनही. निकाल चुकला तर टेक्निशियन तेवढंच तपासतो, 'ती तर ठीक आहे' म्हणतो आणि जातो. आपण दिसलं ते लिहायचं आणि मोजणी मागायची.

जोडायच्या फोटोत डब्याखालचा स्टिकर येऊ देऊ नका, त्यावर वायफायचा पासवर्ड छापलेला असतो. डब्याचा सीरियल नंबर मागितला तर टाइप करून द्या.

पाठवल्यानंतर

तक्रारीचा क्रमांक मिळेपर्यंत मेल पोचली असं धरू नका. दोन दिवसांत नाही आला तर फोन करून मागून घ्या. पुढचं सगळं त्याच मेलच्या उत्तरात लिहा. नवी मेल पाठवलीत की नवा माणूस पहिल्या पानापासून सुरू करतो. तक्रार बंद झाल्याचा मेसेज आला आणि नेट जातच असेल, तर त्याच दिवशी त्याच धाग्यात एका ओळीत कळवा: तक्रार सुटलेली नाही, आज अमुक वेळी लॉस पुन्हा लाल.

तरीही हलत नसेल तर दुसरी पायरी आहे. ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार दूरसंचार कंपन्यांना तक्रार केंद्राच्या वर अपील प्राधिकरण ठेवावं लागतं. अपील कंपनीकडेच करायचं असतं, त्याचा पत्ता कंपनीच्या संकेतस्थळावर असतो, आणि तिथे पहिल्या तक्रारीचा क्रमांक लागतोच. फोनवर तोंडी केलेल्या आणि क्रमांक न घेतलेल्या तक्रारी इथे उपयोगाच्या नाहीत. ट्रायला थेट लिहू नका, ती एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही.

मला तिथवर जावं लागलं नाही. मेलनंतर तिसऱ्या दिवशी दोघेजण आले, घरात न शिरता आधी गच्चीवर गेले. गच्चीवरच्या बॉक्समध्ये प्रकाश भरपूर होता, माझ्या घरातल्या टोकाला कमी. पाण्याच्या टाकीजवळ तार लोखंडी पाइपला प्लॅस्टिकच्या पट्टीने करकचून आवळली होती आणि पुढचा दीड-दोन मीटरचा झोळ मोकळा लोंबत होता. वारा आला की झोळ हलायचा आणि पट्टीपाशी तार मुडपायची. त्यांनी तेवढा तुकडा कापला, मशीनवर जोड मारला, तार पाइपला सैल बांधली. खाली येऊन मीटर लावला: −२०.१.

पुढचे चार दिवस वही चालूच ठेवली, दोन दिवस चांगला वारा होता. मग त्याच धाग्यात लिहिलं: २३ ते २६ जुलै, एकदाही गेलं नाही, Rx Power −२०.१, तक्रार बंद करायला हरकत नाही. तो आकडा मी डब्यामागे पेन्सिलीने लिहून ठेवलाय. पुढच्या पावसाळ्यात लॉस लाल झालाच, तर कुठून कुठे घसरलो हे पहिल्याच ओळीत सांगता येईल.